बाजूत अर्धा टक्का, क्षेत्रफळात किती? मोजणीच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

काम थोडक्यात असं: काँक्रीटचा एक मोठा चौथरा आहे, नकाशावर चौरस दाखवलेला, बाजू २४ मीटर. त्यावर कोटिंग करायचं आहे आणि कोटिंगचं प्रमाण क्षेत्रफळावरून ठरणार. नकाशातला आकडा बांधकामाआधीचा असल्यामुळे प्रत्यक्ष मोजून क्षेत्रफळ द्यायचं, आणि ते खऱ्या क्षेत्रफळापेक्षा १ टक्क्याहून जास्त चुकता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे खरा प्रश्न असा की बाजू किती बिनचूक मोजली, तर क्षेत्रफळ १ टक्क्याच्या आत राहील.

शाळेत शिकलेलं उत्तर तयार आहे. बाजूत x इतकी सापेक्ष चूक असेल, तर क्षेत्रफळ (1 + x)² पट होतं, म्हणजे 1 + 2x + x². छोट्या x साठी शेवटचं पद सोडून द्यायचं: बाजूतली चूक दुप्पट होऊन क्षेत्रफळात येते. त्या हिशोबाने बाजूत अर्ध्या टक्क्याची मुभा.

सूत्रापेक्षा मला चित्र जास्त पटतं. २४ मीटरची बाजू १ टक्का जास्त धरली, म्हणजे २४.२४ मीटर. खऱ्या चौरसाच्या दोन लगतच्या कडांना २४ सेंटीमीटर रुंदीची एकेक पट्टी चिकटली आणि कोपऱ्यात २४ × २४ सेंटीमीटरचा छोटा तुकडा आला. प्रत्येक पट्टी २४ × ०.२४ = ५.७६ चौ.मी., दोन मिळून ११.५२. कोपऱ्याचा तुकडा ०.०५७६ चौ.मी., जेमतेम एका टेबलाएवढासुद्धा नाही. खरं क्षेत्रफळ ५७६ असल्याने दोन पट्ट्यांचे बरोब्बर २ टक्के होतात आणि कोपऱ्याचा ०.०१ टक्का. दुप्पट का होते याचं उत्तर या दोन पट्ट्यांत आहे: बाजू एकच मोजली, पण ती लांबी म्हणूनही वापरली आणि रुंदी म्हणूनही. एकच चूक दोन ठिकाणी बसली.

हे "एकच चूक दोन ठिकाणी" लक्षात ठेवायचं. दुपटीचा नियम त्याच्यावर उभा आहे, आणि ते खरं नसेल तिथे नियमही खरा नाही.

५ नोव्हेंबर

कोपऱ्याचा तुकडा कधी दखल घेण्याजोगा होतो ते पाहून ठेवलं. बाजूत १० टक्के जास्त, तर क्षेत्रफळ २१ टक्के जास्त. १० टक्के कमी, तर १९ टक्के कमी. जास्तीच्या वेळी कोपरा पट्ट्यांत मिळवला जातो. कमीच्या वेळी दोन पट्ट्या कापताना कोपरा दोनदा कापला जातो, म्हणून एकदा परत द्यावा लागतो. आपल्या कामात चूक अर्ध्या-पाऊण टक्क्याची, तिथे हा फरक दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर जातो. सोडून दिला.

७ नोव्हेंबर

आज कोठीतला ३० मीटरचा कापडी टेप तपासला. जुना आहे, मधल्या भागातले आकडे पुसट झालेत. पडताळणीला ३० मीटरचा स्टीलचा टेप घेतला, त्यावर वर्ग II, २० °से. आणि ५० न्यूटन असं छापलेलं आहे. म्हणजे त्या तापमानाला आणि तेवढ्या ताणाखाली त्याच्या खुणा खऱ्या धरायच्या. वर्ग II च्या टेपला ३० मीटरवर ६.३ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, म्हणजे ०.०२ टक्के. आपल्या अटीपुढे हे काहीच नाही, तेव्हा तोच कसोटीचा दगड.

दोन्ही टेप शेजारी शेजारी सपाट जमिनीवर पसरून, शून्य जुळवून, नेहमीच्या हाताच्या ताणाने ओढले. कापडी टेपची ३० ची खूण स्टीलच्या टेपवर ३०.१८ ला आली, पण त्याच्या छापील आकड्यांपुढे जाणारा भाग शिल्लक नसल्याने ते शेवटचे १८ सेंटीमीटर वेगळ्या पट्टीने मोजले. फरक ०.६ टक्के. टेप ताणून लांबला आहे.

इथे एक गोष्ट हमखास उलटी समजली जाते. टेप लांबला म्हणजे मोजमाप जास्त येईल असं वाटतं, पण येतं कमी. ताणलेल्या टेपवरचा प्रत्येक "मीटर" खऱ्या मीटरपेक्षा मोठा झाला आहे, त्यामुळे तेवढ्याच अंतरात तो कमी वेळा बसतो. म्हणून दुरुस्ती अशी: खरी लांबी म्हणजे वाचलेली लांबी गुणिले (टेपची खरी लांबी ÷ छापील लांबी). क्षेत्रफळासाठी त्याच गुणोत्तराचा वर्ग.

चौथऱ्याची एक बाजू या टेपने २३.८६ मीटर भरली. तिचा वर्ग ५६९.३० चौ.मी. गुणोत्तर ३०.१८ ÷ ३० = १.००६, त्याचा वर्ग १.०१२०३६. गुणाकार केला तर ५७६.१५ चौ.मी. म्हणजे टेप न तपासता दिलेला आकडा ६.८५ चौ.मी. कमी असता, सुमारे १.१९ टक्के. बाजूतली चूक ०.६ टक्के, दिसायला किरकोळ, आणि १ टक्क्याची अट मोडली. ६.८५ चौ.मी. म्हणजे २४ मीटर लांब आणि साधारण २८ सेंटीमीटर रुंद असा एक पट्टा कोरडाच राहिला असता.

चौथरा चौरस नसता, अगदी वेडावाकडा असता, तरी या टेपने केलेल्या मोजणीत क्षेत्रफळ इतकंच कमी आलं असतं. सगळ्या लांब्या एकाच पटीत चुकल्या की आकार तोच राहतो, फक्त लहान किंवा मोठा होतो, आणि क्षेत्रफळ त्या पटीच्या वर्गाने बदलतं. त्रिकोण, वर्तुळ, नकाशावरचा बहुभुज, सगळ्यांना हे लागू.

८ नोव्हेंबर

काल फक्त ३० ची खूण तपासली, ते पुरेसं नाही. टेप सगळीकडे सारखा ताणला गेला आहे की फरक एकाच जागी साठला आहे, हे एका खुणेवरून कळत नाही. आज १० आणि २० च्या खुणा पाहिल्या. १० ची खूण १०.०६ ला, २० ची २०.१२ ला. अंतराच्या प्रमाणात फरक वाढतो आहे, तेव्हा कालचं गुणोत्तर वापरायला हरकत नाही.

उलट तिन्ही खुणांवर सारखाच फरक आला असता, तर दोष शून्याच्या टोकाशी असता: कडी झिजलेली, किंवा टोक तुटल्यावर कुणीतरी कापून टाकलेलं. तसा एक टेप कोठीत आहेच. त्याचं पहिलं ५ सेंटीमीटरचं टोक गेलं आहे आणि लोक कापलेली कडच शून्य धरून वापरतात. तो टेप प्रत्येक वाचनात ५ सेंटीमीटर जास्त दाखवतो, अंतर कितीही असो.

अशी चूक टक्क्यांत सांगताच येत नाही, कारण टक्का बाजूच्या लांबीवर ठरतो. २४ मीटरवर ५ सेंटीमीटर म्हणजे ०.२१ टक्के, २ मीटरवर २.५ टक्के. चौथऱ्याला लागून २४ × २ मीटरची एक पायवाट आहे, तिच्यावर हा टेप लावून पाहिला तर हिशोब असा: २४.०५ × २.०५ = ४९.३० चौ.मी., खरे ४८. चूक २.७१ टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टक्क्यांची बेरीज. त्यातला जवळपास सगळा वाटा आखूड बाजूचा. याच ४८ चौ.मी.चा चौरस असता, तर बाजू ६.९३ मीटर आणि चूक १.४५ टक्क्यांवर थांबली असती.

म्हणून लांबट जागेत मेहनत आखूड बाजूवर घ्यायची. लोक नेमकं उलटं करतात: लांब बाजू दोघातिघांनी टेप ताणून, पुन्हा पुन्हा मोजायची, आणि रुंदी एकट्याने पायाखाली टोक दाबून घ्यायची.

११ नोव्हेंबर

सहकारी मोजणीचं चाक घेऊन आली. हातात धरून चालत जायचं, चाक फिरतं आणि आकडा पुढे सरकतो. काम झटपट होतं म्हणून तिला ते आवडतं. एक बाजू चालून झाल्यावर म्हणाली, "चौरसच आहे ना, मग दुसरी बाजू कशाला? याचाच वर्ग कर."

मी म्हटलं, "दुसरी मोज. गरज पडली तर उरलेल्या दोनही मोज."

"नकाशात चौरस आहे."

"असेल. पण मला दुसरी बाजू त्यासाठी नको आहे."

कारण चाकाची चूक टेपसारखी नाही. एकच बाजू पुन्हा पुन्हा चालून पाहिली तर आकडा थोडा इकडे, थोडा तिकडे येतो. चालणं सरळ रेषेत होत नाही, बारीक खड्यावर चाक उडतं, सुरुवातीची आणि शेवटची जागा नेमकी जमत नाही. या खडबडीत काँक्रीटवर विखुरण, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण ०.४ टक्के धरावं लागलं. चूक दर वेळी नव्याने ठरते, आधीच्या चुकीशी तिचं देणंघेणं नाही.

एकच बाजू मोजून वर्ग केला तर तीच चूक दोन ठिकाणी बसते, परिणाम दुप्पट, ०.८ टक्के. लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या चालून गुणाकार केला तर दोन वेगळ्या चुका येतात. कधी दोन्ही एकाच दिशेला जातात, कधी एक दुसरीला खाऊन टाकते. अशा स्वतंत्र चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचं: ०.४ ला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने गुणलं की ०.५७ टक्के. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेऊन चारही बाजू वापरल्या, तर प्रत्येक सरासरीची चूक ०.२८ टक्के होते आणि क्षेत्रफळाची पुन्हा ०.४ टक्के. चार बाजू चालल्यावर क्षेत्रफळाची अनिश्चितता एका बाजूच्या अनिश्चिततेइतकी खाली येते, हे मला फार सोयीचं वाटतं.

सहकारीला वर्गमूळ पटेना. बेरीज का नाही, असा तिचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. मग संगणकावर खोट्या चुका टाकून पाहिलं:

```python
import random, statistics as st
e = 0.004
one, two, four = [], [], []
for _ in range(100000):
    a, b, c, d = (1 + random.gauss(0, e) for _ in range(4))
    one.append(a * a)
    two.append(a * b)
    four.append((a + c) / 2 * (b + d) / 2)
for v in (one, two, four):
    print(round(100 * st.stdev(v), 3))
```

तीन आकडे ०.८, ०.५६६ आणि ०.४ च्या आसपास येतात. दर वेळी शेवटचं स्थान जरा हलतं. बेरजेचा नियम चुकीचा नाही, पण तो सर्वांत वाईट प्रसंग सांगतो: दोन्ही चुका पूर्ण मोठ्या आणि एकाच बाजूला. हमी द्यायची असेल तर बेरीज धरावी. साधारणपणे किती चुकेल हे सांगायचं असेल तर वर्गमूळ.

१२ नोव्हेंबर

कालच्या हिशोबाला एक मोठा अपवाद आहे, तो न लिहिता पुढे जाणं बरं नाही. चार बाजू चालून कमी होते ती फक्त विखुरलेली चूक. चाकाचं माप मुळातच चुकलेलं असेल तर चारच काय, चाळीस फेऱ्या मारूनही ती चूक जशीच्या तशी राहते, आणि क्षेत्रफळात दुप्पट होऊनच येते.

आपल्या चाकाचा परीघ १ मीटर, म्हणजे त्रिज्या १५९ मिलिमीटर. रबर १.५ मिलिमीटर झिजलं की त्रिज्या ०.९४ टक्के कमी होते. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतराला जास्त फिरतं, म्हणून इथे वाचन जास्त येतं, ताणलेल्या टेपच्या उलट. क्षेत्रफळ सुमारे १.९ टक्के जास्त. रबरावर चिखल बसला तर दिशा पुन्हा पालटते.

या दोन प्रकारच्या चुका ओळखायच्या कशा? तीच बाजू पुन्हा मोजली आणि आकडा वेगळा आला, तर त्या फरकाएवढी विखुरण आहे. आकडा दर वेळी तोच आला, तर साधन स्वतःशी इमानदार आहे एवढंच कळतं, खरं आहे की नाही हे कळत नाही. आपला कापडी टेप दर वेळी २३.८६ च्या जवळच दाखवत होता. त्याच्याकडून सत्य कळलं नसतं, स्टीलच्या टेपशी जुळवूनच कळलं. चाकही आज स्टीलच्या टेपने आखलेल्या २४ मीटरच्या रेषेवर चालवून पाहिलं. फेऱ्यांची सरासरी २४.०९, म्हणजे ०.३८ टक्के जास्त. दुरुस्तीशिवाय क्षेत्रफळ पाऊण टक्क्याने फुगलं असतं, वर विखुरणीचा ०.४ टक्का. अटीच्या अगदी काठावर. अंतिम मोजणीत चाक वापरायचं नाही असं ठरलं. सहकारी नाराज आहे.

१४ नोव्हेंबर

उताराचा मुद्दा निघाला. चौथऱ्याला पाणी वाहून जावं म्हणून एका दिशेने चाळीसास एक असा उतार आहे. टेप उतारावर ठेवला की आडवं अंतर थोडं जास्त भरतं. या उतारावर फरक ०.०३ टक्के, म्हणजे नगण्य. दहास एक असा चढ असता तर २४ मीटरचं आडवं अंतर २३.८८ झालं असतं, अर्ध्या टक्क्याचा फरक. पण उतार एकाच दिशेला असल्याने उताराला काटकोनात असलेली बाजू तशीच राहते, आणि क्षेत्रफळातही अर्धाच टक्का येतो. इथे दुप्पट नाही, वर्गमूळही नाही, एकास एक.

शिवाय आपल्याला कोटिंग करायचं आहे, आणि कोटिंग उतारावरच्या पृष्ठभागावर बसतं, नकाशावर नाही. उतारावर मोजलेलं अंतर या कामासाठी बरोबरच आहे.

१५ नोव्हेंबर

कर्ण मोजले: ३३.९० आणि ३३.९८ मीटर (३० च्या पुढचा भाग खूण करून वेगळा). आठ सेंटीमीटरचा फरक, म्हणजे कोपरे काटकोनाच्या अगदी जवळ. बाजू बिनचूक असूनही कोन कललेला असेल तर गुणाकार खऱ्यापेक्षा जास्त येतो, पण फार सावकाश. २४ मीटर बाजूचा कोन ९० ऐवजी ८६ अंश असता, तर कर्णांत २.३७ मीटरचा फरक दिसला असता आणि क्षेत्रफळ मात्र ०.२४ टक्केच कमी झालं असतं. डोळ्याला खुपणारा तिरकेपणा क्षेत्रफळाला जेमतेम लागतो. आठ सेंटीमीटरच्या फरकाची तर दखलही नको.

१८ नोव्हेंबर

अंतिम मोजणी, स्टीलचा टेप, चारही बाजू. लांबी २४.०१ आणि २४.०३, सरासरी २४.०२. रुंदी २३.९७ आणि २३.९९, सरासरी २३.९८. गुणाकार ५७६.०० चौ.मी. नकाशाच्या आकड्याशी इतकं जुळणं हा योगायोग आहे. एक जोडी दोन सेंटीमीटर जास्त आणि दुसरी तेवढीच कमी निघाली, एवढंच.

आता यात किती चूक असू शकते. टेपची स्वतःची मुभा ०.०२ टक्के, ती सगळ्या बाजूंना सारखी, म्हणून दुप्पट: ०.०४. टेप उन्हात साधारण ३५ अंशांवर होता. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे ०.००००११५ पट वाढतं, तेव्हा १५ अंशांना ०.०१७ टक्के. तीही सामाईक चूक, म्हणून क्षेत्रफळात ०.०३५ टक्के कमी, म्हणजे ०.२ चौ.मी. मिळवायचे. वाचन सेंटीमीटरपर्यंत घेतलं, म्हणजे एका वाचनात अर्ध्या सेंटीमीटरचा फरक शक्य, ०.०२ टक्के. ती विखुरलेली असल्याने चार वाचनांनंतर क्षेत्रफळातही तेवढीच राहते.

सामाईक चुका दुप्पट करून आणि विखुरलेली तशीच ठेवून, सगळं मिळून ०.१ टक्क्याच्या आत. अहवालात लिहिलं: क्षेत्रफळ ५७६.२ चौ.मी., अनिश्चितता ०.६ चौ.मी. कोटिंगवाल्यांना दशांशाचं काही नको असतं, ते ५७६ धरतील.

कापडी टेपवर "३०.१८" असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवून तो कोठीत परत ठेवला. टोक तुटलेला टेप सहकारीने काढून घेतला आहे, शून्यापाशी नवी कडी बसवून पाहणार म्हणते.